महिन्याचे ८० तास, आठवडे ओबडधोबड: अर्धवेळ माणसाचं वेळापत्रक कसं बसवायचं

दुकानात पहिल्यांदाच अर्धवेळ माणूस ठेवला की बोलणं साधारण असं होतं: "महिन्याला ऐंशी तास, म्हणजे आठवड्याला वीस. जमेल ना?" समोरची मुलगी मान डोलावते आणि गडबड तिथूनच सुरू होते. ऐंशीला चारने भागायला महिना बरोबर चार आठवड्यांचा असावा लागतो. सोमवारी सुरू होऊन रविवारी संपणारा असा महिना पुढे लवकरात लवकर २०२७ चा फेब्रुवारी आहे. बाकीच्या महिन्यांत सुरुवातीला किंवा शेवटी आठवड्याचा तुकडा उरतो, मधे सण येतो, कॉलेजची परीक्षा येते. तास कमी पडल्याचं २८ तारखेला लक्षात येतं आणि तोवर भरून काढायला दिवसच उरलेले नसतात.

खाली एकच महिना घेऊन तो शेवटपर्यंत मांडला आहे. महिना सप्टेंबर २०२६, गणपतीचा. दुकान सांगलीतलं, मिठाई, फरसाण आणि भडंगाचं. काउंटरवर येणारी मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तासगावहून एसटीने येते. तुमचं दुकान कपड्यांचं असेल किंवा झेरॉक्सचं, आकडे बदलतील पण हिशोबाची रीत हीच राहील.

आधी "८०" म्हणजे काय ते ठरवा

हे ठरायला पाच मिनिटं लागतात. ती वाचवली तर महिनाअखेरीस अर्धा तास वाद होतो. तीन गोष्टी बोलून घ्या आणि हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिली गोष्ट, ८० हा आकडा किमान आहे, कमाल आहे की नेमका. मालकाच्या मनात बहुतेक वेळा कमाल असते, कारण पगाराचे पैसे ठरलेले असतात. मुलीच्या मनात किमान असते, कारण तिचा महिन्याचा खर्च त्यावर बसवलेला असतो. आपण इथे नेमका धरू, वर-खाली दोन तास चालतील असं.

दुसरी, जेवणाचा अर्धा तास धरायचा की नाही. आपण धरत नाही. म्हणजे दहा ते साडेचार दुकानात थांबली तर कामाचे तास सहा.

तिसरी, महिना कुठून कुठवर. काही ठिकाणी पगाराचा महिना २६ तारखेपासून २५ तारखेपर्यंत असतो. तसं असेल तर खालचं सगळं त्या तारखांवर मांडा. इथे १ ते ३० धरलं आहे.

तारखा मांडा, आठवडे नाही

कागदावर १ ते ३० तारखा एकाखाली एक लिहा, शेजारी वार. २०२६ चा सप्टेंबर मंगळवारी सुरू होतो आणि बुधवारी संपतो. सोमवार ते रविवार असा आठवडा धरला तर पहिला आठवडा सहा दिवसांचा आणि शेवटचा फक्त तीन दिवसांचा निघतो. आठवडा सोमवारपासून धरण्यामागे कारण आहे. शनिवार-रविवार हे तिचे कामाचे मोठे दिवस, ते एकाच ओळीत राहतात आणि ती थकतेय का हे नजरेला दिसतं.

आता दोन चाळण्या लावायच्या. पहिली दुकानाची. आपलं दुकान बुधवारी बंद. दुसरी तिची. शुक्रवारी कॉलेजात प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतं, म्हणून शुक्रवार नाही. उरले सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार. पहिल्या चार वारी ती दुपारी साडेतीन ते साडेसात येऊ शकते, चार तास. साडेसातला सोडलं तर तासगावची गाडी सुखाने मिळते. त्यापुढे थांबवायचं तर घरच्यांशी बोलावं लागेल, म्हणून साडेसात ही आपली भिंत. रविवारी दहा ते साडेचार, सहा तास.

मोजणी करू. सप्टेंबरात सोमवार ४, मंगळवार ५, गुरुवार ४, शनिवार ४. मिळून १७ पाळ्या, ६८ तास. रविवार ४, त्यांचे २४ तास. एकूण ९२.

नव्याने करणारा माणूस इथे थांबतो. ९२ तासांची जागा आहे, ८० हवेत, मग काळजी कसली, असं त्याला वाटतं. पण महिन्याचं खरं रूप अजून कागदावर आलेलं नाही.

खड्डे शोधा

आदल्या महिन्याच्या २० तारखेच्या आसपास तिला बसवून एकच प्रश्न विचारा: "कुठल्या तारखांना अजिबात जमणार नाही?" "कधी जमेल?" असं विचारू नका. त्याला "जमेल हो, बघू" असं उत्तर येतं आणि ते कागदावर लिहिता येत नाही. न जमणाऱ्या तारखा मात्र माणूस नेमक्या सांगतो.

तिने सांगितलं: १४ सोमवारी गणेश चतुर्थी, त्या दिवशी आणि १५ ला घरचा गणपती, गौरींसाठी १७ चा गुरुवारही नाही, ८ तारखेला कॉलेजची चाचणी. चार पाळ्या गेल्या, १६ तास. ९२ मधले ७६ उरले.

म्हणजे तिने न सांगता एकही खाडा केला नाही तरी आपण चार तासांनी मागे आहोत. तिचा दोष नाही, दुकानाचाही नाही. महिनाच तसा आहे. हे ऑगस्टच्या २० तारखेला कळलं तर इलाज सोपा असतो.

खड्डा कुठे आहे तेही बघा. ८ तारीख सोडली तर तो सगळा १४ ते १७ मधे साचला आहे, त्या आठवड्यात शनिवार-रविवार सोडून काहीच उरत नाही. एकूण आकडा कळला तरी खड्ड्याची जागा कळल्याशिवाय वेळापत्रक बसत नाही. खड्ड्याच्या अलीकडे तास ओढायचे की पलीकडे, हा यातला मुख्य निर्णय.

तास अलीकडे ओढा

नियम म्हणून सांगायचं तर माहीत असलेल्या खड्ड्याचे तास शक्यतो खड्ड्याच्या आधी भरून घ्यावेत. पलीकडे ठेवलेल्या तासांना काही झालं तर त्यांच्याही पलीकडे जागा नसते.

या महिन्यात दुकानाची गरजही त्याच बाजूला आहे. चतुर्थीच्या आधीचे चार-पाच दिवस मोदकांच्या ऑर्डरी, पेढ्यांचे डबे, पाकिटं भरणं, सगळं एकदम येतं. उलट २५ ला अनंत चतुर्दशी झाली आणि २७ पासून पितृपक्ष लागला की मिठाईच्या काउंटरवर गिऱ्हाईक पातळ होतं. २८-२९ तारखेला तास भरायचे म्हणून माणूस उभा केला तर तो बरण्या पुसत बसतो आणि पगार तेवढाच जातो. म्हणून तास कुठे टाकायचे हे ठरवताना तिच्या मोकळ्या वेळेइतकंच गल्ल्याकडेही बघा.

मग तीन बदल केले. सणाआधीचा ९ तारखेचा बुधवार दुकान उघडं ठेवणारच आहे, तिथे तिला चार तास दिले. १२ च्या शनिवारी चारऐवजी सहा तास, दुपारी एक ते साडेसात, मधे अर्धा तास विश्रांती. १३ च्या रविवारी सहाऐवजी आठ, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, जेवणासह. वाढ झाली आठ तासांची. ७६ चे ८४ झाले.

आता ८० हवेत आणि जागा ८४ ची आहे. या जास्तीच्या चारांचं काय करायचं?

एक पाळी रिकामी ठेवा

ते चार तास वाटून टाकू नका. एक पूर्ण पाळी राखीव ठेवा, आणि ती महिन्याच्या शेवटाकडची ठेवा. आपण २९ चा मंगळवार ठेवला. तिला सांगायचं: "२९ तारीख मोकळी ठेव. सगळं सुरळीत झालं तर यायची गरज नाही." पोरांना हे आवडतं, कारण नीट काम केलं की एक संध्याकाळ सुटीची मिळते.

राखीव पाळी पहिल्या आठवड्यात ठेवणं निरर्थक. ती तारीख निघून जाते, खाडा मात्र नंतर पडतो.

असं तयार झालेलं वेळापत्रक:

| आठवडा | पाळ्या (तारीख आणि तास) | बेरीज |
|---|---|---|
| १ ते ६ | १ तारीख ४, ३ तारीख ४, ५ तारीख ४, ६ तारीख ६ | १८ |
| ७ ते १३ | ७ तारीख ४, ९ तारीख ४, १० तारीख ४, १२ तारीख ६, १३ तारीख ८ | २६ |
| १४ ते २० | १९ तारीख ४, २० तारीख ६ | १० |
| २१ ते २७ | २१ तारीख ४, २२ तारीख ४, २४ तारीख ४, २६ तारीख ४, २७ तारीख ६ | २२ |
| २८ ते ३० | २८ तारीख ४ (२९ राखीव) | ४ |

बेरीज बरोबर ८०. आठवडे मात्र १८, २६, १०, २२ आणि ४. ही उतरंड बघून मालक पहिल्यांदा दचकतो. "वीस-वीसच ठेवा की सरळ," म्हणतो. मग त्याला वीस-वीसचा हिशोब करून दाखवा. पहिल्या आठवड्यात जागाच १८ ची. दुसऱ्यात २० वर थांबलो. तिसऱ्यात सण, १० च. म्हणजे २० तारखेच्या रात्री झाले ४८ आणि राहिले ३२. पुढे २९ तारखेपर्यंतची झाडून सगळी जागा धरली तरी ३० भरते. एकही खाडा न होता, एसटी एकदाही न चुकता, दोन तास कमी. दुसऱ्या आठवड्यात जे सहा तास घेता येत होते ते न घेतल्याची ही किंमत.

२६ तासांच्या आठवड्याबद्दल एक खबरदारी. अर्धवेळ माणूस महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यातल्या आठवड्याच्या ४८ तासांच्या जवळपासही जात नाही, त्यामुळे तिथे अडचण नाही. पण कॉलेजची पोरगी सकाळी तासांना बसून दुपारी उभी राहते, हे कुठल्या रकान्यात येत नाही. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी आणि लांब पाळीत मधे अर्धा तास बसून जेवण, या दोन गोष्टी दुकान कितीही छोटं असलं तरी पाळा. वरच्या आठवड्यात ८ आणि ११ या तारखा सुटल्या आहेत. चाचणीच्या आदल्या दिवशी, म्हणजे ७ ला, पाळी आहे. ती हवी की नको हे तिलाच विचारा. नको म्हणाली तर राखीव पाळी तिथेच खर्ची पडली असं धरा आणि महिना सुरू व्हायच्या आधी दुसरी राखीव जागा शोधा.

रोज एक आकडा बघा

महिना सुरू झाल्यावर झालेल्या तासांची बेरीज सगळेच ठेवतात, पण ती एकटी काही सांगत नाही. १० तारखेला २६ तास झाले हे चांगलं की वाईट? ते कळायला दुसरा आकडा शेजारी लागतो: पुढे किती तासांची जागा उरली आहे. उरलेल्या जागेतून उरलेले तास वजा केले की जे राहतं त्याला आम्ही "ढील" म्हणतो, पतंगाच्या मांज्यासारखी.

सुरुवातीला जागा ८४, तास ८०, ढील ४.

समजा १० च्या गुरुवारी तिला ताप आला आणि खाडा पडला. आदल्या रात्रीपर्यंत २६ झाले होते, म्हणजे उरले ५४. पुढची जागा, २९ धरून, तीही ५४. ढील शून्य. घाबरायचं कारण नाही, पण २९ ची सुटी गेली हे तिला त्याच दिवशी फोनवर सांगायचं. २७ ला सांगितलं तर तोवर तिने काहीतरी ठरवलेलं असतं आणि चूक तुमची ठरते.

१२ आणि १३ ठरल्याप्रमाणे झाले. एकूण ४०, उरले ४०, जागा ४०. मग १९ च्या शनिवारी गर्दीत गाडी अडकली आणि ती तासभर उशिरा आली. चारऐवजी तीन. झाले ४३, उरले ३७, पुढची जागा ३६. ढील उणे एक.

उणे आकडा दिसला की त्याच दिवशी काहीतरी हलवायचं. आपल्याकडे अजून एक जागा आहे जी आपण मोजली नव्हती: २० आणि २७ चे रविवार. सहाचे आठपर्यंत ताणता येतात. ही दुसऱ्या फळीची ढील आहे आणि ती सुरुवातीच्या हिशोबात धरू नये, कारण ताणायला दर वेळी तिची संमती लागते. दोन रविवारांपैकी २० चा घ्यायचा. गणपती अजून बसलेले असतात, प्रसादाला गिऱ्हाईक असतं, तासाचा उपयोग होतो. शनिवारी संध्याकाळी विचारलं, "उद्या साडेपाचपर्यंत थांबशील?" थांबली. सात तास झाले, एकूण ५०. पुढच्या आठवड्याचे २२ आणि २८-२९ चे ८ मिळून ८०.

हीच बेरीज २७ तारखेच्या रात्री पहिल्यांदा केली असती तर ७१ दिसले असते. हातात दोन पाळ्या, आठ तास, हवेत नऊ. आणि दुकानात पितृपक्षाची शांतता.

रोज हिशोब करणं जमत नसेल तर तीन तारखा नक्की धरा: खड्डा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, खड्डा संपल्यावर, आणि महिना संपायच्या दहा दिवस आधी. इथे १३, १९ आणि २१.

वहीत तास कसे लिहायचे

वेळापत्रक चांगलं असूनही महिनाअखेरीस आकडे जुळत नाहीत, तेव्हा दहातल्या बहुतेक वेळा कारण एकच असतं. साडेतीन तास कोणी ३.३० लिहितं, कोणी ३.५०, आणि बेरीज करताना दोन्ही साध्या दशांशासारखे मिळवले जातात. साडेतीन तासांच्या दोन पाळ्या ३.३० अधिक ३.३० करून ६.६० होतात, खरे सात तास आहेत. महिन्याभरात असे दोन-तीन तास कुठेतरी नाहीसे होतात आणि दोघांनाही वाटतं समोरचा लबाडी करतोय. ठरवून टाका: पाव तास ०.२५, अर्धा ०.५, पाऊण ०.७५. पाव तासाच्या आतला फरक जवळच्या पाव तासात धरा, आणि तो तिच्या बाजूने असो वा दुकानाच्या, सारखाच धरा. फक्त उशीर कापला आणि जास्त थांबलेलं सोडून दिलं तर ती दुसऱ्या महिन्यापासून साडेसातच्या ठोक्याला पिशवी उचलेल.

मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर शीट ठेवत असाल तर येण्याची वेळ `B`, जाण्याची `C` आणि विश्रांतीचे तास `D` या रकान्यात लिहून `E` मधे हे सूत्र टाका:

```
=(C2-B2)*24-D2
```

दहा ते साडेचार, विश्रांती ०.५, तर उत्तर ६ येतं. २४ ने गुणणं विसरलात तर शीट वेळेला दिवसाचा अंश समजते आणि उणे ०.२३ असं काहीतरी दाखवून डोकं खाते. रकाना साध्या आकड्याच्या स्वरूपात ठेवा. वेळेच्या स्वरूपातच बेरीज हवी असेल तर सूत्र `=C2-B2-D2/24` असं ठेवा आणि `[h]:mm` हे स्वरूप निवडा. नुसतं `h:mm` ठेवलं तर २४ तास झाले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झालेली दिसते आणि ८० चे ८ होतात.

आठवड्यातून एकदा वहीवर तिची सही घ्या. महिन्याने घेतलेली सही नुसती सही असते. आठवड्याने घेतली तर "त्या शनिवारी मी पावणेचारला आले होते" हे आठवत असताना दुरुस्ती होते.

शेवटी कमी-जास्त राहिलं तर

दोन तासांपर्यंतचा फरक पुढच्या महिन्यात ओढता येतो, पण तो वहीत लिहून, पुढच्या ८० मधे मिळवून किंवा वजा करून, आणि त्याच महिन्यात संपवून. ऑक्टोबर ८२ चा झाला तर नोव्हेंबर पुन्हा ८० चा. दोन महिने उधारी साचू दिली की ती कधी फिटत नाही. जास्त झालेले तास मात्र पुढे ढकलण्यापेक्षा त्याच पगारात देऊन टाकलेले बरे, विशेषतः ते तुमच्या सणाच्या गर्दीसाठी झाले असतील तर.

दोन तासांपेक्षा जास्त कमी पडले आणि खाडे तिचे असतील, तर तेवढा पगार कमी. तुम्हीच पाळ्या दिल्या नसतील तर कापू नका. हा भेद वहीतूनच कळतो, म्हणून प्रत्येक चुकलेल्या पाळीसमोर "तिने कळवलं" किंवा "दुकानाने रद्द केलं" एवढे दोन शब्द लिहीत जा.

ऑक्टोबर मांडायला घ्याल तेव्हा एक गोष्ट बघा. १ ऑक्टोबर गुरुवारी येतो, म्हणजे पहिला आठवडा चार दिवसांचा. पगाराच्या हिशोबात २८ ते ३० सप्टेंबर वेगळे आणि १ ते ४ ऑक्टोबर वेगळे, पण तिच्यासाठी तो एकच आठवडा आहे. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बेरीज करा: २८, २९, १ आणि ३ ला चार-चार, ४ च्या रविवारी सहा, मिळून २२. बुधवार आणि शुक्रवार सुटी. ठीक आहे, चालेल.